स्कीमच्या ६२ स्ट्रिप आणि पाच महिन्यांची चिठ्ठी

आमचं मेडिकल केज तालुक्यात आहे, गावाचं नाव सांगत बसत नाही. मामांचं दुकान, मी डी.फार्म. करून चार वर्षांपासून त्यांच्यासोबत बसतो, आणि रॅकवर माल लावायला, गिऱ्हाइकाला काढून द्यायला एक पोरगं आहे. माल अंबाजोगाई आणि लातूरच्या होलसेलवाल्यांकडून येतो. हे प्रकरण आहे २०२४ च्या ऑक्टोबरचं आणि एकाच गोळीचं, टेल्मिसार्टन ४०, बीपीची रोजची गोळी, दहाची स्ट्रिप. पूर्ण लिहून ठेवायचं कारण एवढंच की आम्हाला वाटायचं आपल्या दुकानात ‘आधी एक्स्पायरी, आधी बाहेर’ चालतं, आणि ते निम्मंच खरं होतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार. दसरा होऊन आठवडा झाला होता. आमच्याकडं हे दिवस म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांची तयारी, मुकादमाची उचल घेतलेली असते, दिवाळी झाली की कोयते निघायचे, कुणी सांगली-कोल्हापूरला कुणी कर्नाटकात, ते मार्चशिवाय परत येत नाहीत. बीपी-शुगरवाली माणसं जायच्या आधी डॉक्टरकडून पाच-सहा महिन्यांची चिठ्ठी लिहून घेतात आणि एकदमच गोळ्या नेतात, कारण फडावर कुठं शोधत बसायच्या. तसंच एक मावशी आल्या, सोबत दहावीतली लेक. चिठ्ठीवर टेल्मिसार्टन ४०, रोज एक, पाच महिने. म्हणजे १५ स्ट्रिप.

पोरानं काढून दिल्या, मामांनी बिल केलं, पैसे घेतले. मावशी पायरी उतरल्या पण नव्हत्या तोवर लेक परत काउंटरवर.

"काका, ह्याच्यावर जानेवारी पंचवीस लिहिलंय. आई तर मार्चला येणाराय."

मामांनी स्ट्रिप हातात घेतली, चष्मा वर केला, माझ्याकडं बघितलं. मी कॅलेंडरवर मोजलं. २० ऑक्टोबरला पहिली गोळी धरली तर १५० वी गोळी १८ मार्चला येते. स्ट्रिपवर ०१/२०२५ असलं की ती ३१ जानेवारीच्या रात्रीपर्यंत चालते (महिना-वर्षच छापलेलं असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा, हे सुद्धा बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते १ तारीख धरतात). तर ३१ जानेवारीपर्यंत १०४ गोळ्या वेळेत बसतात आणि उरलेल्या ४६ तारीख उलटल्यावर. म्हणजे बाई फेब्रुवारी-मार्चमधे उसाच्या फडात कोयता चालवत एक्स्पायर झालेली बीपीची गोळी खाणार, आणि ती गोळी आमच्या दुकानातून विकली तेव्हा एक्स्पायर नव्हती, त्यामुळं आम्ही कागदावर एकदम स्वच्छ. तारीख गेली म्हणजे गोळीचं लगेच विष होत नाही हे खरंय, पण त्यानंतर ती पूर्ण काम करेल याची हमी कंपनी पण देत नाही, आणि फडावर बीपी मोजायला कोण बसलंय.

मग मी रॅकच्या पुढच्या बाजूला बघितलं तर तिथं त्याच गोळीच्या १७ स्ट्रिप होत्या, एक्स्पायरी ०८/२०२५. त्यातल्या १५ दिल्या, पहिल्या परत घेतल्या, बिल बदललं. मावशी गेल्या. मामा म्हणले, "पोरानं मागून काढून दिल्या का काय?" पोरगं म्हणलं, "तुम्हीच म्हणले होते ना, पुढच्या थोड्या ऱ्हायल्यात, एवढ्या लागत असल्या तर मागून बॉक्सच काढ."

त्याची चूक नव्हतीच. चूक जुलैत झाली होती.

१० जुलैला लातूरच्या एका स्टॉकिस्टकडून ह्या गोळीची १० वर १ ची स्कीम आली होती. ६० घेतल्या, ६ फुकट, अशा ६६ स्ट्रिप. रेट ६६ रुपये स्ट्रिप, वर १२ टक्के जीएसटी (तेव्हा १२ होता). मामांचा हिशोब चुकीचा नव्हता, की दसऱ्याला ऊसतोडीवाले येतील, तेव्हा ही गोळी भरपूर जाते, आत्ता स्वस्तात भरून ठेवू. तेव्हा रॅकवर आधीच्या, एप्रिलमधल्या लॉटच्या ५९ स्ट्रिप शिल्लक होत्या, त्यांची एक्स्पायरी ०८/२०२५. नवीन आल्या त्यांची ०१/२०२५. म्हणजे जो माल नंतर आला तो आधी मरणार होता. हे व्हतं बऱ्याचदा, स्टॉकिस्टकडं एखादी लॉट पडून राहिली की तीच स्कीम लावून काढतात, ह्यात त्यांना काय नावं ठेवायची, आपण बघून घ्यायचं. माल आला तेव्हा मामांनी नग मोजले, एमआरपी बघितली, बिलाला टिक मारली आणि पोराला सांगितलं ‘लाव’. पोरानं शिकवल्याप्रमाणं जुना पुढं घेतला, नवीन मागं सारला.

किराणा दुकानात हे बरोबर आहे. मेडिकलमधे ‘जुना माल’ म्हणजे आधी आलेला का आधी संपणारा, हा प्रश्न दर बॉक्सला विचारावा लागतो, आणि दहातल्या नऊ वेळा दोन्हीचं उत्तर एकच येतं म्हणून हात आपोआप चालतो. दहाव्या वेळी फसतं. आमचं दहाव्या वेळी फसलं.

पण मला जास्त धक्का बसला तो कॉम्प्युटरवर. संध्याकाळी मी सॉफ्टवेअरमधे त्या गोळीचा बॅचवार स्टॉक काढला. एकूण आकडा बरोबर होता, मावशींच्या बिलाच्या आधी ७९. पण फोड अशी: जानेवारीवाली लॉट ३१, ऑगस्टवाली ४८. आणि रॅकवर प्रत्यक्षात जानेवारीवाली ६२ आणि ऑगस्टवाली १७. मी दोनदा मोजलं. मग लक्षात आलं. सॉफ्टवेअरची सेटिंग आम्हीच एका वर्षाखाली ‘एक्स्पायरीप्रमाणे बॅच उचल’ अशी करून ठेवलेली. बिल करताना गोळीचं नाव टाकलं की ते आपोआप सगळ्यात आधी संपणारी बॅच घेतं. त्यामुळं जुलैपासून बिलावर बरेचदा जानेवारीवाली लॉट जात होती आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत ऑगस्टवाली. स्क्रीनवर आधी-एक्स्पायरी-आधी-बाहेर एकदम झकास चालू, हातानं मात्र आधी-आलेला-आधी-बाहेर.

ह्यात दोन गोष्टी बिघडतात. एक तर तुमचा नियर एक्स्पायरीचा रिपोर्ट खोटा होतो, मला त्यानं ३१ दाखवले असते, मी म्हणलो असतो ३१ काय निघतील महिना-दोन महिन्यात, आणि निर्धास्त बसलो असतो. दुसरी जास्त बेकार. उद्या कंपनीनं एखादी बॅच परत मागवली किंवा औषध निरीक्षकानं ‘ही बॅच कुणाकुणाला विकली’ विचारलं तर आमचं बिल एक बॅच सांगणार आणि पेशंटच्या घरात दुसरीच असणार. बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापायची ती कशासाठी मग.

हे ओळखायचं कसं, तर महिन्यातून एकदा जिथं एका औषधाच्या दोन बॅच आहेत तेवढीच यादी काढायची आणि तेवढेच आयटम रॅकवर मोजायचे. सगळं दुकान मोजायची गरज नाही. एकूण नग जुळतात आणि बॅच जुळत नाही असं दिसलं की समजायचं, हात आणि स्क्रीन वेगवेगळ्या दिशेला चाललेत. आम्ही त्या रात्री मोजले तर दोन बॅचवाले ७४ आयटम निघाले आणि त्यातल्या १९ मधे फोड चुकीची होती. आता बिल करणारा माणूस स्ट्रिप हातात धरून स्क्रीनवरची बॅच तिच्याशी जुळवतो, वेगळी असली तर बदलतो. स्कॅनर असता तर सोपं गेलं असतं, पण गर्दीत सुद्धा फार वेळ जात नाही. पहिले आठ दिवस मामा चिडले, मग सवय झाली.

आता प्रश्न, ६२ स्ट्रिपचं काय करायचं. मामा लगेच म्हणले, "अरे अजून साडेतीन महिने हायेत, महिन्याला चौदा जातेत, एकोणपन्नास तर अशाच निघतेत, राहिल्या तेरा, कशाला घाबरायलास?"

हा हिशोब सगळेच असा करतात, आणि तो दोन ठिकाणी फसतो.

पहिलं, ३१ जानेवारी ही गोळी खायची शेवटची तारीख आहे, विकायची नाही. आमचे टेल्मिसार्टनचे पेशंट एका वेळी महिनाभराच्या ३ स्ट्रिप नेतात. ३१ जानेवारीला शेवटची गोळी पोटात जायची असेल तर ३० दिवसांचं पॅक १ जानेवारीपर्यंतच देता येतं. म्हणजे माझ्याकडं साडेतीन नाही, अडीचच महिने होते. अडीच गुणिले चौदा, ३५. उरल्या २७. जेवढ्या दिवसांचं औषध गिऱ्हाईक नेतं तेवढे दिवस एक्स्पायरीतून वजा करायचे, मग जी तारीख येते ती आपली खरी एक्स्पायरी. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकला ही तारीख पाच दिवस आधी, बीपी-शुगर-थायरॉइडला महिना आधी, आणि ऊसतोडीवाल्याला पाच महिने आधी. एकाच स्ट्रिपला तीन वेगवेगळ्या तारखा, कोण घेतंय त्यावर.

दुसरं, ते ‘महिन्याला चौदा’ पावसाळ्यातले होते. मी आदल्या वर्षीचे नोव्हेंबर-डिसेंबर काढले तर महिन्याला ९. बरोबरच आहे, अर्धं गाव फडावर गेलेलं असतं. मग ऑक्टोबरचे राहिलेले दिवस ६, नोव्हेंबर ९, डिसेंबर ९, सगळे मिळून २४. आणि उरतात ३८. मामांच्या तोंडी हिशोबात १३, खऱ्या हिशोबात ३८. आणि गंमत बघा (मामांना गंमत वाटली नाही), ज्या ऊसतोडीवाल्यांसाठी हा माल भरला होता त्यांनाच तो देता येत नव्हता. पाच महिन्यांच्या चिठ्ठीला जानेवारीची गोळी चालत नाही. त्या पंधरा दिवसांत आणखी दोन घरं आली पाच-पाच महिन्यांची चिठ्ठी घेऊन, आणि रॅकवर ६२ स्ट्रिप असताना मी अंबाजोगाईहून रोखीनं ३० स्ट्रिप आणल्या, २०२६ ची एक्स्पायरी बघून. मामा दिवसभर बोलले नाहीत.

ठरवलं असं, की ४० स्ट्रिप, म्हणजे दहा-दहाचे ४ बॉक्स, परतीला बाजूला काढायचे आणि २२ विकायला ठेवायच्या. ३८ ऐवजी ४० ह्यासाठी की अख्खा बॉक्स परत घेताना कुणी कटकट करत नाही.

परतीचं इथं जरा नीट सांगतो कारण ह्याच्यात पैसा अडकतो. प्रत्येक स्टॉकिस्टचा आणि कंपनीचा नियम वेगळा असतो, ह्या स्टॉकिस्टचा होता एक्स्पायरीच्या तीन महिने आधीपासून घेऊ, त्याच्या आधी नाही. ३१ जानेवारीला तीन महिने आधी म्हणजे नोव्हेंबर लागल्यावर. मी १९ तारखेलाच फोन केला तर म्हणले नोव्हेंबर लागू द्या, मंगळवारी आमचा माणूस येतो त्याच्याकडं द्या. बरं. पण तोवर ते ४ बॉक्स रॅकवर ठेवायचे नाहीत. नाहीतर गर्दीत पोरगं त्यातलाच फोडणार. आम्ही खाली एक खोकं केलं ‘परत जाणार’ म्हणून. आणि त्याच्या शेजारी दुसरं, एक्स्पायर झालेल्यांचं, त्यावर मोठ्या अक्षरात ‘विक्रीसाठी नाही’. ही दोन खोकी एक करायची नाहीत. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम तारीख गेलेला माल दुकानात ठेवूच देत नाही, सूट एवढीच की कंपनीकडं परत द्यायची कारवाई चालू असेल तर विक्रीच्या मालापासून वेगळा, खोक्यात, वर ठळक ‘विक्रीसाठी नाही’ लिहून ठेवता येतो. निरीक्षक आला आणि रॅकवर एक जरी एक्स्पायर स्ट्रिप चांगल्या मालात दिसली तर ‘परत द्यायची होती साहेब’ ह्याला काही अर्थ नसतो. नियर एक्स्पायरीचा माल मात्र अजून कायद्यानं विकता येतो, तो वेगळा ठेवायचा तो आपल्या सोयीसाठी.

५ नोव्हेंबर, मंगळवार. सेल्समन आला. आधी आमची पद्धत काय होती, तर पिशवीत माल भरायचा, मामा डायरीत ‘एक्स्पा. दिली’ लिहायचे, पोरगं पिशवी गाडीला अडकवून द्यायचं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दिलेली एक पिशवी अशीच कुठं गेली कुणालाच माहीत नाही, तो म्हणतो जमा केली, गोडाऊनवाला म्हणतो आली नाही, आणि आमच्याकडं त्यात काय होतं ह्याचाच कागद नाही. ह्या वेळी मी चलन केलं, दोन प्रती. औषधाचं नाव, बॅच, एक्स्पायरी, नग, आणि आपण ज्या बिलानं घेतला त्या बिलाचा नंबर आणि तारीख. खाली त्याची सही. बिल नंबर फार महत्त्वाचा, कारण स्टॉकिस्ट त्याच्याकडून विकलेलीच बॅच घेतो, आणि एकच गोळी तीन होलसेलवाल्यांकडून येत असली की कुठली बॅच कुणाची हे सहा महिन्यांनी कुणाला आठवतं. इथंच ती बॅच जुळवण्याची भानगड परत येते, तुमच्या कॉम्प्युटरमधे बॅच नीट चढलेली नसेल तर बिल सापडायला अर्धा दिवस जातो.

सेल्समन म्हणला, "काय राव, चाळीस स्ट्रिपला पण चलन? विश्वास नाही का?" मी म्हणलो विश्वास आहे, पिशवीवर नाही.

रेटवर थोडी घासाघीस झाली. मामांना वाटत होतं ४० स्ट्रिपचे ६६ नं पैसे मिळावेत. पण माल स्कीमचा होता. ६० चे पैसे दिले, ३,९६० रुपये, आणि आले ६६ नग, तर खरा भाव पडला ६० रुपये स्ट्रिप. स्टॉकिस्ट त्याच भावानं धरणार, आणि मला तरी ते रास्त वाटलं. काही जण स्कीमच्या मालावर परतीच नाही म्हणतात, बिलावर तसा शिक्का पण मारतात, तेव्हा घेतानाच बघायचं. ४० × ६० म्हणजे २,४००, त्यावर जीएसटी २८८, एकूण २,६८८ यायला पाहिजे होते.

क्रेडिट नोट आली १० डिसेंबरला, पाच आठवड्यांनी, पुढच्या बिलातून वजा. २,६२०.८० ची. म्हणजे ३९ स्ट्रिप. आणि सोबत एक स्ट्रिप परत, सहा गोळ्या असलेली. एका बॉक्समधे कापलेली स्ट्रिप निघाली होती. कुणीतरी कधीतरी चार गोळ्या कापून दिल्या आणि उरलेली परत त्याच बॉक्समधे ठेवली, बॉक्स बाहेरून भरलेला दिसतो, मी उघडून बघितला नाही. कापलेली स्ट्रिप कुणीच घेत नाही. ६० रुपये आणि ७ रुपये २० पैसे जीएसटी, माझ्या आळसाचे.

कापण्यावरून एक सांगायचं राहिलं. बऱ्याच स्ट्रिपवर बॅच आणि एक्स्पायरी एकाच टोकाला ठोकलेली असते. पोरगं आमचं सरळ हाताला येईल त्या टोकाकडून कात्री चालवायचं, आणि तारखेचं टोक गिऱ्हाइकाबरोबर जायचं. मग दुकानात राहिलेल्या सहा गोळ्यांना तारीखच नाही. अशी स्ट्रिप ना विकता येते ना परत करता येते, आणि रॅकच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं राहते. आम्ही त्या महिन्यात एक डबाभर अशी तुकडं काढली, कुठली कधीची पत्ताच नाही, सगळी फेकायच्या खोक्यात. आता नियम एकच, तारखेच्या उलट्या टोकाकडून कापायचं, तारीखवाला तुकडा शेवटी विकायचा, आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटावर पेननं बॅच आणि एक्स्पायरी लिहायची. आणि कापलेली स्ट्रिप बॉक्समधे परत ठेवायची नाही, बॉक्सच्या वर रबर लावून, म्हणजे पुढच्याला आधी तीच दिसते.

त्याच मंगळवारच्या चलनात टेल्मिसार्टन सोडून आणखी दहा आयटम होते, त्यातले तीन फेब्रुवारी २०२४ मधे घेतलेले. त्यांच्यावर मी वेगळी खूण केली आणि स्टॉकिस्टला फोन करून सांगितलं की हे आधी काढा. कारण जीएसटीसह क्रेडिट नोट द्यायला मुदत असते, ज्या आर्थिक वर्षात माल विकला ते वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर. फेब्रुवारी २०२४ चा माल म्हणजे २०२३-२४, त्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२४. पुढं गेलं की स्टॉकिस्टला त्यावरचा कर कमी करून घेता येत नाही, मग तो नुसत्या मालाचे पैसे देतो, कर नाही, आणि ते पण कुरकुर करत. जुलैच्या मालाला हा प्रश्न नव्हता, त्याला २०२५ चा नोव्हेंबर. म्हणून आता आम्ही दिवाळीच्या आसपास मागच्या मार्चपर्यंत घेतलेला जेवढा हळू चालणारा माल आहे तो एकदा चाळून काढतो. जे परतच होत नाही, आमच्याकडं उदाहरणार्थ फ्रिजमधलं इन्सुलिन, कारण थंड साखळी तुटली का नाही कोण सांगणार, ते मागवतानाच दोन-तीन मागवायचं, नेहमीच्या पेशंटची नावं मोजून.

आता राहिलेल्या २२. त्यांच्या बॉक्सवर लाल ठिपका लावला, स्ट्रिपवर नाही, स्ट्रिपवर काही चिकटवलं की परतीला नाटकं होतात. ठिपक्याचा अर्थ पोराला सांगितला: हे आधी द्यायचं, पण महिन्याच्या वर मागितलं तर नाही द्यायचं, आणि १ जानेवारीनंतर विचारल्याशिवाय द्यायचंच नाही. ‘आधी’ आणि ‘पण’ दोन्ही एकाच ठिपक्यात. पहिल्या आठवड्यात त्यानं विचारलं, "एखादा म्हातारा गोळी रोज खातच नसला तर? महिन्याचं पाकीट त्याला दोन महिने पुरतंय." मला उत्तर आलं नाही लगेच. खरंच आहे, असे तीन-चार जण आहेत, एक दिवसाआड खातात, बरं वाटलं की बंद करतात. बंद करू नका हे तर सांगतोच, पण त्यांना आता लांबच्या तारखेची देतो.

आणि दारातच अडवायचं, हे सगळ्यात सोपं निघालं. माल आला की बिलावरची एक्स्पायरी आणि बॉक्सवरची एक्स्पायरी दोन्ही बघायच्या, आणि रॅकवर आधीचे किती नग, महिन्याला किती जातात, एवढा भागाकार. जुलैत हे केलं असतं तर ५९ आणि ६६ म्हणजे १२५, चौदानं भागलं की जवळपास नऊ महिने. आणि एक्स्पायरी साडेसहा महिन्यांवर, त्यातला एक महिना पेशंटचा. तिथल्या तिथं कळलं असतं की हा माल आपल्या दुकानात संपत नाही. त्याच दिवशी परत दिला की कुणी तीन महिन्यांची अट सांगत नाही, चुकून आलेला माल म्हणून जातो. दुसऱ्या दिवशीपासून तो तुमचा. सहा महिन्यांच्या आतलं घ्यायचं नाही असा सरसकट नियम काही जण करतात, मला तो पटत नाही, पॅरासिटामॉल चार महिन्यांची आली तरी आमच्याकडं पंधरा दिवसांत संपते, आणि एखादी महागडी डोळ्यांची ट्यूब वर्षभराची आली तरी पडून राहते. भागाकार करायचा.

१ जानेवारीपर्यंत २२ मधल्या १९ गेल्या, डिसेंबरात परत आलेल्या कापलेल्या स्ट्रिपमधल्या सहा गोळ्या पण एकाला गेल्या ज्याला आठवड्याचंच पाहिजे होतं. तीन उरल्या. जानेवारीत महिन्याच्या पेशंटना त्या दिल्या नाहीत, दहा दिवसांची चिठ्ठी घेऊन कुणी आलं नाही, १ फेब्रुवारीला सकाळी मी त्या ‘विक्रीसाठी नाही’च्या खोक्यात टाकल्या आणि कॉम्प्युटरमधून काढल्या. पुढच्या मंगळवारी चलनावर गेल्या. १८० रुपये आणि कर. मार्च संपला तरी त्याची नोट आली नव्हती. मामांनी ती डायरीत मागच्या पानावर लिहून ठेवलीय, आणि सेल्समन आला की चहा सांगायच्या आधी ते पान उघडतात.